पन्नास रुपयांची भेट, दीड महिन्याची तयारी

रिटर्न गिफ्टच्या ठोक दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की आतून दोन प्रश्न येतात: किती नग, आणि बजेट काय? ‘चाळीस-पंचेचाळीस नग, पन्नासच्या आत’ असं उत्तर मिळालं की दुकानदार प्लास्टिकचे डबे, चिनी मातीचे छोटे गणपती आणि दिव्यांच्या जोड्या मांडायला लागतो. अलीकडे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे: ‘इको-फ्रेंडली दाखवू?’ मग मागच्या फळीवरून तपकिरी कागदातली खोकी खाली उतरतात. त्यात बी असलेली पेन्सिल असते, बांबूचा ब्रश असतो, तागाची पिशवी असते आणि रंगीत ‘कापडी’ पिशव्यांचा गठ्ठा असतो.

या खोक्यांतल्या बऱ्याच वस्तू जवळून पाहिल्या, तर त्यांचा हिरवेपणा पातळ निघतो. बियांचं पेन घ्या. वरची नळी कागदाची असली, तरी आतली रिफिल बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते. बांबूच्या ब्रशचा दांडा बांबूचा असतो, केस मात्र नायलॉनचे. तागाच्या पिशवीत हात घालून बघावा. आतून गुळगुळीत, चकचकीत लागलं, तर तागाला प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला आहे. ही पिशवी ना धड धुता येते, ना कुजते.

सगळ्यात जास्त फसवते ती रंगीत ‘कापडी’ पिशवी. बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली ही पिशवी हाताला कापडासारखी लागते, पण ती विणलेली नसतेच. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू दाबून ती बनवतात. घरच्या घरी खात्री करायची, तर तिचा एक कोपरा कातरून चिमट्यात धरावा आणि काडीच्या ज्योतीजवळ न्यावा. आकसून, वितळून कडक मणी झाला तर ते प्लास्टिक. कागद जळाल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख उरली तर सूत. सरकारच्या लेखीही ती प्लास्टिकच आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा तिच्यात ही पिशवीही होती. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तर अशी पिशवी दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असताच कामा नये. लग्नामुंजीत वाटल्या जाणाऱ्या किती पिशव्या एवढ्या वजनाच्या भरतील, शंकाच आहे.

म्हणजे पन्नास रुपयांत खरी पर्यावरणस्नेही भेट होतच नाही का? होते, पण तयार मिळत नाही. पैसे कमी असतील, तर त्यांच्या जागी वेळ घालावा लागतो. वास्तुशांतीचा मुहूर्त तर महिना-दोन महिने आधीच ठरलेला असतो. तेवढे दिवस हाताशी असले, तर बाजारातली तपकिरी खोकी पाहायचीही गरज पडत नाही.

एक उदाहरण धरून हिशेब मांडू. मार्गशीर्षात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वास्तुशांत आहे. येणार पंचेचाळीस कुटुंबं. भेट माणशी नाही, घरटी द्यायची. एवढं एक ठरवलं तरी नगांची संख्या निम्म्याहून खाली येते. घरटी ५० रुपये म्हणजे हाताशी २,२५० रुपये.

रोप द्यायचं म्हटलं की पहिल्यांदा आठवते तुळस. भावना समजण्यासारखी आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पाहुण्यांसाठी ही निवड अवघड आहे. तुळशीला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं, आणि एकच बाजू उघडी असलेल्या घरात ते मिळत नाही. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर रोप लवकर जून होतं, थंडीत त्याची वाढ मंदावते. आणि वाळलेली तुळस कचऱ्यात टाकायचा धीर कुणालाच होत नसल्यामुळे भेट घेणाऱ्याच्या गळ्यात एक अपराधी भावना येते. शिवाय रोपवाटिकेतून आणलेली पंचेचाळीस रोपं म्हणजे पंचेचाळीस काळ्या प्लास्टिकच्या थैल्या.

दुसरी आवडती निवड मनीप्लांटची. काचेच्या जुन्या बरणीत पाणी भरून फांदी ठेवली की झालं. खर्च जवळपास शून्य आणि ते कमी उजेडातही तगतं. मात्र डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. मुंबई महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी तपासणीला येतात, तेव्हा मनीप्लांटच्या बाटल्या आवर्जून पाहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे पाणी आठवड्याला बदलणं भागच आहे. पाहुणे ते बदलतील याची हमी यजमान कशी देणार? मनीप्लांट द्यायचंच असेल तर मातीत लावून द्यावं, आणि रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरी मुळीच देऊ नये. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते.

या दोघांपेक्षा पानओवा बरा. जाड, लवदार, चुरगळल्यावर ओव्याचा वास सुटणारी ही पानं बहुतेक घरांना ओळखीची असतात, कारण त्यांची भजी होतात. (मसाल्याच्या डब्यातला ओवा याचा नव्हे, ते झाड निराळं.) अर्ध्या उन्हात तो वाढतो, चार दिवस पाणी विसरलं तरी मरत नाही आणि खुडला की आणखी फुटतो. कामाची गोष्ट अशी, की तो विकत घ्यावा लागत नाही. वाढलेल्या एका झुडपावर पंधरा-वीस फांद्या सहज मिळतात. सोसायटीच्या बागेत, शेजारी, आत्याच्या गच्चीवर तीन-चार झुडपं सापडली, की पंचेचाळीस फांद्या जमतात.

त्या ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस सरल्यावर काढायच्या. शेंड्याकडची चार-पाच इंचांची फांदी पेराच्या लगेच खाली धारदार कात्रीने कापायची आणि खालची पानं काढून टाकायची. लगेच मातीत खोचायची घाई करू नये. फांदी रसदार असते. ओली जखम ओल्या मातीत गेली की सडते. तीन-चार तास सावलीत ठेवून कापलेलं टोक सुकू द्यावं. मग सगळ्या फांद्या एकाच पसरट क्रेटमध्ये किंवा जुन्या टबमध्ये, माती, कोकोपीट आणि थोडी वाळू यांच्या मिश्रणात दोन-दोन इंचांवर लावाव्यात. एकेक कुंडी आत्ताच अडवली, तर ज्या फांद्या जगणार नाहीत त्यांच्यासाठीही कुंड्या विकत घेतल्यासारखं होतं. क्रेट पहिले आठ-दहा दिवस सावलीत राहू द्यायचा, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात सरकवायचा.

बिघडतं ते पाण्यामुळे. फांदी कोमेजलेली दिसली की घरातलं प्रत्येक माणूस येताजाता पेलाभर पाणी ओततं. बुडाशी खोड काळं आणि मऊ पडलं, की समजावं फांदी गेली. ती लगेच उपटून टाकावी, नाहीतर शेजारची धरते. मातीत बोट घालून वरचा अर्धा इंच कोरडा लागला, तरच पाणी. दोन-तीन आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहावी. ती धरून राहिली आणि शेंड्याला नवी पानं दिसली, म्हणजे मुळं सुटली. आता शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने दोन फुटवे येतात आणि देताना रोप काडीसारखं न दिसता भरलेलं दिसतं. पंचेचाळिसांतली पस्तीस-छत्तीस रोपं हाताशी लागतील असं धरून चालावं.

कुंडीत हलवण्यापूर्वी प्रत्येक रोपाचं पान उलटून पाहायलाच हवं. खोडाच्या बेचक्यात किंवा पानामागे पांढरा, कापसासारखा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. तो तसाच राहिला, तर पाहुण्यांच्या गॅलरीतल्या बाकीच्या झाडांनाही लागेल. अशी रोपं वेगळी काढून साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावीत, आणि शंका उरली तर देऊ नयेत.

कुंड्या कुंभाराकडूनच घ्याव्यात. मुंबईकरांना धारावीचा कुंभारवाडा आहे, इतर गावांतही कुंभारवाडे आहेत. चार इंची, खाली भोक असलेली साधी कुंडी एकगठ्ठा घेतली तर पंधरा-वीस रुपयांना मिळू शकते. खर्च आणखी कमी करायचा तर संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडलेली असतातच. मात्र त्यांना भोक नसतं. सुगड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवून, हातोडीची सोय नसलेल्या साध्या ड्रिलने, भार न देता सावकाश पाडलं तर भोक पडतं. घाई केली की तडकतं. नुसता रंग दिलेली कच्ची सुगडं मात्र पाण्यात ठेवताच विरघळायला लागतात. म्हणजे ती भट्टीत नीट भाजलेली आहेत की नाहीत, तेही तिथेच कळतं.

पण सगळ्यांनाच रोप देऊ नये. संध्याकाळच्या गर्दीत लोकलने डोंबिवलीला परतणारं जोडपं मातीची कुंडी कशी सांभाळणार? दुसऱ्या दिवशी विमानाने बंगळुरूला निघालेला भाऊ ती यजमानांच्याच शिडीवर ठेवून जातो. न मागितलेली वस्तू, मग ती कितीही पर्यावरणस्नेही असो, शेवटी कचराच होते. म्हणून दाराशी दोन गोष्टी मांडून ठेवाव्यात आणि ज्याला जे हवं ते घेऊ द्यावं. एका बाजूला रोपं, दुसऱ्या बाजूला पिशव्या.

पिशव्यांसाठी नवं कापड आणायचं नाही. सुती पिशवी म्हटलं की ती आपोआप निरुपद्रवी, असा समज आहे. पण कापसाला पाणी लागतं, खत लागतं, सूतकताईला आणि विणकामाला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं, की एकदा वापरून टाकायच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा तापमानवाढीच्या हिशेबात सरस ठरायचं, तर सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरायला हवी. वाढदिवसाचं नाव, तारीख आणि केकचं चित्र छापलेली पिशवी हातात घेऊन मंडईत १३१ वेळा कोण जाईल? म्हणून कापड आधीच घरात असलेलं हवं आणि छपाई अजिबात नको.

घरात असलेलं कापड म्हणजे ब्लाऊजपीस. महाराष्ट्रातल्या बहुतेक कपाटांत एक कप्पा त्यांचाच असतो. ओटीत आलेला ब्लाऊजपीस पुढच्या ओटीत जातो, तिथून आणखी पुढे, आणि शिवला मात्र कधीच जात नाही. जुन्या साडीच्या पिशव्या वाटायच्या म्हटल्या, तर घरातलं एखादं वडीलधारं माणूस ‘शुभकार्यात वापरलेलं वस्त्र देऊ नये’ म्हणून अडवतं. ब्लाऊजपीसला ती हरकत लागत नाही. ते कोरं कापड असतं.

साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या पिसातून ३० सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडायची, दोन्ही कडा शिवायच्या, वरच्या काठाला नेफा घालून नाडी ओवायची. पाऊण किलो भेंडी किंवा अर्धा डझन लिंबं बसतील एवढी भाजीची पिशवी होते. सात पिसांच्या एकवीस पिशव्या. मांडीवर घेऊन पीस चुरगळून पाहावा. चुरगळल्याच्या घड्या राहिल्या तर सुती, लगेच सरळ झाला तर पॉलिस्टरचा. पॉलिस्टरचे पीस बाजूला ठेवावेत, त्यांच्या कडा उसवतात. कड एकदा उलटी आणि एकदा सुलटी, अशी दुहेरी शिवून घ्यावी, म्हणजे आत धागे सुटत नाहीत आणि पिशवी धुण्यात टिकते. शिंप्याला हे आधीच सांगायला हवं, कारण एकेरी शिलाईचा भाव वेगळा असतो.

आता बेरीज. छत्तीस कुंड्या १८ रुपयांच्या भावाने ६४८. शेणखत, कोकोपीट आणि वाळू मिळून अडीचशे. कुंड्या घरी आणण्याचं भाडं दीडशे. एकवीस पिशव्यांची शिलाई १५ रुपयांनी ३१५, नाडीचे साठ. सगळे मिळून १,४२३ रुपये. गावागणिक भाव थोडे पुढेमागे होतील, तरी पंचेचाळीस घरांसाठी सत्तावन्न नग तयार आहेत आणि घरटी खर्च बत्तीस रुपयांच्या आत आहे. उरलेल्या आठशेंत आणखी काही कोंबायचा मोह आवरावा. चकचकीत कागदात बांधणंही नको. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर रोपाचं नाव, ‘माती कोरडी झाल्यावरच पाणी’ आणि ‘पंधरा दिवसांनी भजी’ एवढं लिहून सुतळीने बांधलं की झालं.

मुलांच्या वाढदिवसाचं गणित वेगळं. तिथे पाहुणा सात वर्षांचा असतो आणि त्याला भेट लगेच, पळत्या गाडीत उघडायची असते. म्हणूनच कंपास, शिट्टी आणि खोडरबर भरलेल्या पिशव्या चालतात, आणि म्हणूनच त्या आठवडाभरात सोफ्याखाली जातात. (फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी वाढदिवसांतून दोन्ही दिसतात.) बियांची पेन्सिल इथे जास्तच निराश करते. ती पूर्ण झिजून बी पेरायची वेळ येईपर्यंत मूल पेन्सिल हरवून बसलेलं असतं, आणि बी जुनं निघालं तर काहीच उगवत नाही. घ्यायच्याच असतील, तर आधी एक पाकीट आणून दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून ठेवाव्यात आणि रुमाल रोज ओलसर ठेवावा. आठवड्या-दीड आठवड्यात सहा-सात तरी फुटल्या नाहीत, तर तो माल परत.

त्यापेक्षा मेथी द्यावी. मूठभर मेथीदाणे कागदाच्या पुडीत, आणि सोबत बुडाला भोक पाडलेली, घासून साफ केलेली नारळाची करवंटी. मुलाने दाणे रात्रभर भिजवून करवंटीतल्या मातीवर दाटीने पसरले, तर दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि आठवडा-दहा दिवसांत कात्रीने कापायची कोवळी मेथी हाती येते. सात वर्षांच्या माणसाचा धीर साधारण तेवढाच असतो. धणे देऊ नयेत. ते चेचून दोन फाकी करून पेरावे लागतात आणि तरी आठवड्याहून जास्त वाट पाहायला लावतात. वाढदिवस मे महिन्यात असेल तर करवंटी उन्हात नव्हे, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायला सांगायचं. करवंट्या महिनाभर आधीपासून साठवाव्या लागतात. शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवलं की वीस सहज जमतात. एका मुलाचा खर्च पाच रुपयांच्या वर जात नाही.

उरलेले पैसे पुस्तकांकडे वळवता येतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तकं पातळ, चित्रांची आणि परवडणारी असतात. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असल्यामुळे पहिलीतल्या मुलाला चौथीचं पुस्तक जात नाही. पैसेच नसतील तर अदलाबदल करावी: आमंत्रणातच कळवावं, की प्रत्येकाने वाचून झालेलं एक पुस्तक आणायचं आणि जाताना दुसऱ्याचं न्यायचं. पाच-सात जादा पुस्तकं यजमानांनी आपल्याकडची ठेवावीत, कारण दोन-तीन मुलं रिकाम्या हातांनी येतातच, आणि एक पुस्तक असं निघतं की ते चौघांना हवं असतं.

आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला असेल, काहीच तयारी झालेली नसेल तर? मग खाऊन किंवा वापरून संपणारी वस्तू द्यावी, पण हवामान बघून. गुळाच्या छोट्या ढेपा थंडीत छान. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटतं आणि कागद चिकटतो. कोकम मिठामुळे ओलसर असतात, कागदाच्या पुडीतून त्यांचा डाग बाहेर येतो. हळदपूड कापडाच्या पुरचुंडीतून झिरपून पर्स पिवळी करते. अशा वेळी अख्खी हळकुंडं घ्यावीत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. किराण्याच्या ठोक बाजारात हळकुंडं किलोवर मिळतात. घरटी शंभर ग्रॅम धरले, तर पंचेचाळीस घरांना साडेचार किलो पुरतात. वास्तुशांतीच्या दिवशी हळदीला कुणी नाही म्हणत नाही, प्रवासात ती सांडत नाही, आणि कोरड्या डब्यात वर्षभर टिकते. ज्यांच्याकडे मिक्सरवर ती दळली जाणार नाही, त्यांनी खलबत्त्यात ठेचून दुधात उकळावी, हे मात्र पुडीवर लिहून द्यायला हवं.